पाणी लागलं आणि जमीन बसली: सॅन वाकीन खोऱ्यातला कालवा आणि मातीच्या साध्या परीक्षा

कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम कडेला, फ्रेझ्नो काउंटीत, डायाब्लो डोंगररांगेच्या पायथ्याशी मंद उताराची कोरडी जमीन पसरली आहे. पाऊस वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशाच्या निम्म्याहूनही कमी. १९४० च्या दशकात तिथे विहिरींच्या पाण्यावर शेती वाढू लागली. शेतकऱ्यांनी जमीन सपाट केली, पाट काढले, पाणी सोडलं, आणि जमीन खाली बसू लागली.

जिथे पाणी जास्त मुरलं तिथे खळगे पडले. पाट मधेच झोल पडल्यासारखे वाकले आणि पाणी पुढे सरकेना. पाइप तुटले, रस्ते लाटांसारखे झाले, ओल्या आणि कोरड्या जमिनीच्या सीमेवर लांबच लांब भेगा पडल्या. एक-दीड मीटर बसणं ही तिथे नेहमीची गोष्ट होती. काही जागी जमीन तीन ते साडेचार मीटर खाली गेली. वरून कुणी इमारत बांधली नव्हती, भराव टाकला नव्हता. पडलं होतं ते फक्त पाणी.

शेतकऱ्याचं शेत बसलं तर तो पुन्हा सपाट करू शकतो, पण याच पट्ट्यातून मोठा कालवा न्यायचा बेत होता. आज तो कॅलिफोर्निया अ‍ॅक्वेडक्ट म्हणून ओळखला जातो. अशा कालव्याचा उतार मैलाला काही इंचच असतो. त्याच्या तळाला एका जागी दोन मीटरचा झोल पडला तर पाणी काठावरून बाहेर येईल, काँक्रीटचं अस्तर फुटेल, त्यातून गळलेलं पाणी आणखी जमीन बसवेल. कालवा स्वतःच स्वतःखालची जमीन भिजवणार होता. म्हणून या प्रकरणात प्रश्न ‘जमीन किती भार सोसेल’ असा नव्हताच. तो होता, ‘भिजल्यावर ही जमीन किती खाली जाईल, आणि किती खोलीपर्यंत’.

इथे एक घोटाळा आधीच दूर करतो. या खोऱ्याचा एक फोटो जगभर प्रसिद्ध आहे. विजेच्या खांबाशेजारी माणूस उभा आहे आणि १९२५ साली जमीन कुठे होती, हे दाखवणारी पाटी त्याच्या डोक्यावर खूप उंच लावली आहे. मेंडोटाजवळची ती सुमारे नऊ मीटरची घसरण भूजल उपशामुळे खोलवरचे चिकणमातीचे थर दबले म्हणून झाली. तिथे पाणी काढल्यानं जमीन बसली. आपल्या प्रकरणात पाणी घातल्यानं. दोन्ही गोष्टी एकाच परिसरात घडत असल्यामुळे तिथल्या अभ्यासकांनाही त्या वेगळ्या करून मोजाव्या लागल्या.

माती अशी पोकळ उभी राहते कशी

ही जमीन डोंगरातल्या छोट्या, एरवी कोरड्या ओढ्यांनी आणून टाकलेल्या गाळाची आहे. अधूनमधून जोराचा पाऊस व्हायचा, चिखलाचा लोंढा यायचा, पंखाकृती मैदानावर पसरायचा आणि कडक उन्हात पटकन वाळायचा. आतले हवेचे बुडबुडे, वाळताना पडलेल्या भेगा, गाडल्या गेलेल्या गवताच्या जागा, सगळं तसंच राहायचं. त्यावर पुढचा लोंढा यायचा. आणि पाऊस इतका कमी की एकदा गाडलेला थर पुन्हा कधी पुरता भिजायचाच नाही. पाणी गवताच्या मुळांपर्यंत जायचं आणि तिथूनच उडून जायचं. असे थर हजारो वर्षं साचत गेले, कोरडेच.

या मातीत वाळूचे आणि पोयट्याचे कण एकमेकांना सैल टेकलेले असतात. जिथे टेकतात तिथे वाळलेल्या चिकणमातीचे छोटे सांधे असतात, आणि उरलीसुरली ओल कणांना एकमेकांकडे ओढून धरते. कोरडं असेतो हे सांधे कमालीचे कणखर असतात. खड्ड्याच्या भिंती उभ्याच्या उभ्या राहतात, कुदळ उसळून येते. पाणी आलं की ओढ नाहीशी होते, चिकणमाती मऊ पडते, सांधा सुटतो आणि कण शेजारच्या पोकळीत पडतो. भार तोच असतो, आधार गेलेला असतो.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातले विल्यम बुल यांनी याच मैदानांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध केला. त्यात मातीतल्या चिकणमातीचं प्रमाण सुमारे बारा टक्के असताना बसणं सर्वांत जास्त दिसलं. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. चिकणमाती अगदी कमी असेल तर सांधेच नीट बनत नाहीत आणि पोकळ रचना टिकत नाही. खूप जास्त असेल तर ती पाण्यानं फुगते आणि पोकळी भरून काढते. आपली काळी माती या दुसऱ्या टोकाची. पाऊस पडला की ती घराला वर उचलते. त्यामुळे ‘पाण्यानं जमीन फुगते’ हे आपल्याकडच्या इंजिनिअरला लहानपणापासून ठाऊक असतं, पण ‘पाण्यानं जमीन आक्रसते’ हे ऐकून तो थबकतो.

हातात ढेकूळ घेऊन

या जमिनीची पहिली परीक्षा यंत्राशिवाय होते. मी ती नव्या मुलांकडून नेहमी स्वतःच्या हातानं करून घेतो.

खड्ड्यात निदान दीड-दोन मीटर खाली उतरायचं आणि भिंतीतून नारळाएवढं ढेकूळ न चुरता कापून काढायचं. त्याचे दोन तुकडे करायचे आणि चाकूनं तासून तासून दोन्ही सारख्या आकाराचे करायचे. एक तुकडा बाजूला ठेवायचा. दुसऱ्यावर थोडं थोडं पाणी शिंपडत, तो हातात मळत त्याचा घट्ट गोळा करायचा, भाकरीच्या पिठाचा करतो तसा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. साधी घट्ट माती असेल तर गोळा तुकड्याएवढाच दिसतो. पोकळ माती असेल तर गोळा इतका लहान दिसतो की मुलं ‘सर, माती सांडली का?’ असं विचारतात. माती तेवढीच असते. तुकड्यात जी हवा होती ती बोटांनी बाहेर काढलेली असते.

दुसरी परीक्षा याहून सोपी. खड्डा खणून निघालेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरायची. सर्वसाधारण जमिनीत खणलेली माती सैल होते, म्हणून खड्डा भरूनही वर ढीग उरतो. इथे मात्र पायानं जरा दाबत भरली तरी माती अपुरी पडते. उकरलेल्या सैल मातीपेक्षाही मूळ जमीन पोकळ होती, असा त्याचा अर्थ.

काही जण ढेकूळ पाण्याच्या ग्लासात टाकून बघतात. या मातीचं ढेकूळ बुडबुडे सोडत दोन-चार मिनिटांत विरघळून तळाशी बसतं. बघायला ही परीक्षा परिणामकारक आहे, पण तिच्यावर एकटीवर मी विसंबत नाही. काही घट्ट चिकणमात्याही पाण्यात अशाच विरतात, पण त्यांच्यात पोकळीच नसल्यामुळे त्या बसत नाहीत. ग्लास फक्त सांधा पाण्यानं सुटतो का एवढंच सांगतो. आत पोकळी किती आहे हे ढेकळाच्या आणि खड्ड्याच्या परीक्षेतून कळतं. सांधा सुटतो आणि आत पोकळीही आहे, असं दोन्ही दिसलं तर पुढे जायचं.

पोकळीचा हिशेब

कालव्याच्या कामातल्या ब्यूरो ऑफ रिक्लमेशन या खात्याच्या गिब्ज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९६२ साली एक कसोटी मांडली. ती मला फार आवडते, कारण तिला लागणारी सामग्री आपल्या तालुक्याच्या प्रयोगशाळेतही असते: कोअर कटर, वजनकाटा, ओव्हन आणि लिक्विड लिमिटचा कप.

कोअर कटर म्हणजे दहा सेंटिमीटर व्यासाचं आणि तेरा सेंटिमीटर लांबीचं लोखंडी नळकांडं. ते जमिनीत ठोकून अखंड माती काढायची, ओव्हनमध्ये वाळवायची आणि वजन करायचं. त्यातून कोरडी घनता मिळते. समजा ती दर घनसेंटिमीटरला १.३० ग्रॅम आली, आणि त्याच मातीची लिक्विड लिमिट २८ टक्के आली. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण असे आकडे प्रत्यक्षात मिळतात.

आता १०० ग्रॅम कोरडी माती डोळ्यांसमोर आणा. १.३० नं भागलं की ती जमिनीत ७६.९ घनसेंटिमीटर जागा व्यापते. दगडाच्या कणांची स्वतःची घनता २.६८ धरली तर त्यातली कणांनी व्यापलेली जागा ३७.३. उरलेली ३९.६ घनसेंटिमीटर ही नुसती पोकळी. ती पाण्यानं पूर्ण भरली तर १०० ग्रॅम मातीत ३९.६ ग्रॅम पाणी मावेल. पण लिक्विड लिमिट सांगते की २८ ग्रॅम पाण्यालाच ही माती चिखलासारखी वाहू लागते. म्हणजे पोकळी भरायच्या आधीच माती उभं राहण्याची ताकद गमावून बसणार. ही माती बसणारी आहे असं धरायचं.

हीच माती १.५५ घनतेची असती तर पोकळी २७.२ घनसेंटिमीटर भरली असती. पुरती भिजूनही ती २८ च्या आत राहिली असती, आणि काळजी कमी झाली असती. थोडक्यात कसोटी अशी:

```
पोकळीत मावणारे पाणी (%) = 100 × (1/कोरडी घनता − 1/कणांची घनता)
हे पाणी > लिक्विड लिमिट  →  बसण्याची शंका
```

या हिशेबाला एक मर्यादा आहे. तो शंका सांगतो, आकडा सांगत नाही. शिवाय लिक्विड लिमिट फक्त बारीक कणांवर काढतात. खडे जास्त असलेल्या मातीत ती साऱ्या मातीचं चित्र देत नाही, आणि कोअर कटरही नीट ठोकता येत नाही. तिथे वाळू भरून खड्ड्याचं आकारमान मोजण्याची पद्धत वापरावी लागते.

कड्यात पाणी सोडतो तेव्हा

किती बसेल याचं उत्तर कन्सॉलिडेशनच्या यंत्रात मिळतं. भाराखाली माती किती दबते, हे ते मोजतं. आपल्याकडे ही चाचणी करताना नमुना सुरुवातीलाच पाण्यात बुडवण्याची सवय हाताला लागलेली असते. इथे ती मोडावी लागते. दक्षिण आफ्रिकेतले जेनिंग्ज आणि नाइट यांनी १९५७ साली वाऱ्यानं आणलेल्या वाळूसारख्या मातीसाठी जोड-चाचणी सुचवली. त्यात एकाच मातीचा एक नमुना ओलीसह आहे तसा दाबायचा, दुसरा भिजवून दाबायचा, आणि भार वाढताना कोण किती दबलं याच्या दोन आलेखांमधलं अंतर बघायचं. पुढे त्यांनीच १९७५ मध्ये एका नमुन्याची सोपी रीत दिली. मी बहुधा तीच वापरतो.

न हलवलेल्या मातीतून धातूच्या कड्यात घट्ट बसेल अशी २० मिलिमीटर जाडीची चकती कापायची. त्यावर टप्प्याटप्प्यानं भार वाढवत २०० किलोपास्कलपर्यंत न्यायचं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २० टन. माती कोरडी आहे, म्हणून डायल गेजचा काटा जरासाच हलतो. समजा अर्धा मिलिमीटर. या क्षणी यंत्राकडे पाहणाऱ्याला वाटतं, काय मजबूत माती आहे. मग भार तसाच ठेवून कड्याभोवतीच्या भांड्यात पाणी ओतायचं. काही सेकंद काटा स्थिर असतो. मग तो फिरू लागतो, घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखा, नजरेला दिसेल असा. पहिल्या काही मिनिटांतच बहुतेक घसरण होऊन जाते.

समजा ती घसरण १.६ मिलिमीटर झाली. २० मिलिमीटरच्या आठ टक्के. जेनिंग्ज आणि नाइट यांच्या कोष्टकात एक टक्क्याच्या आत चिंता नाही, एक ते पाच मध्यम त्रास, पाच ते दहा त्रास, दहाच्या पुढे गंभीर आणि वीसच्या पुढे अतिगंभीर. आपला नमुना ‘त्रास’ या रकान्यात बसला. तसा पाच मीटरचा थर त्या भाराखाली पूर्ण भिजला तर ४० सेंटिमीटर बसेल. प्रत्यक्षात तो किती खोल भिजेल हे पाण्याच्या स्रोतावर ठरतं: घराची गळकी पाइप दोन मीटर भिजवील, कालवा पन्नास.

इथे सर्वांत जास्त चुका नमुना घेताना होतात, आणि बहुतेक सगळ्या चुका माती चांगली आहे असं दाखवणाऱ्या असतात. जाड भिंतीची नळी ठोकली की पोकळी नळीतच दबते. बोअर घेताना पाणी वापरलं तर नमुना वर यायच्या आधीच बसून मोकळा होतो. म्हणून बोअर कोरडाच घ्यायचा, शक्य तर खड्ड्यातून हातानं कापलेला ठोकळाच घ्यायचा. एसपीटी, म्हणजे नळी जमिनीत घुसवायला किती ठोके लागतात हे मोजण्याची चाचणी, हीही फसवते. कोरड्या सांध्यांमुळे ठोके भरपूर लागतात आणि अहवालात ‘घट्ट थर’ असं लिहिलं जातं. आणि वरचा मीटरभर भाग दर पावसाळ्यात भिजून केव्हाच बसलेला असतो. तिथला नमुना घेतला तर खालची पोकळ जमीन कळतच नाही. खड्डा दीड-दोन मीटर तरी खोल हवा, असं मी वर म्हटलं ते यासाठी.

भिजवून पाहिली, मग भिजवूनच बसवली

सॅन वाकीनमध्ये प्रयोगशाळेवर थांबून भागणार नव्हतं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर राज्य आणि केंद्राच्या खात्यांनी एकत्र येऊन मेंडोटाच्या परिसरात चाचणी-भूखंड आखले. भोवती मातीचे बांध घातले, पृष्ठभागावर आणि निरनिराळ्या खोलींवर मोजखुणा बसवल्या आणि तळं भरलं. मग महिनोन्‌महिने पातळ्या मोजत राहिले.

या मोजण्यांतून एक गोष्ट लख्ख दिसली, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा तीच आहे. कड्यात घसरण मिनिटांत होते, पण तळ्याखाली ती लांबत राहते, कारण पाणी खाली उतरायला वेळ घेतं. जिथे ओल पोचली तेवढाच थर बसतो. त्याखालचा अजून कोरडा, अजून पोकळ, अजून उभा. आधी वरच्या मोजखुणा सरकतात, मग त्याखालच्या. पृष्ठभाग बसायचा थांबला म्हणजे काम संपलं असं समजलं, तर खालचा कोरडा थर पुढे कधीतरी कालव्याची गळती पोचल्यावर बसेल. ओल कुठवर गेली हे तपासल्याशिवाय भिजवणं थांबवता येत नाही.

१९६० च्या दशकात कालवा बांधताना या खात्यांनी उपाय योजला तो याच ज्ञानातून आला. पंखाकृती मैदानांच्या ज्या भागात शंका होती तिथे कालव्याच्या रेषेवर आधीच तळ्यांची रांग केली आणि ती वर्षभर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, भरून ठेवली. जमीन एक ते तीन मीटर बसली, काठांना भेगा पडल्या, पण वर काँक्रीट नव्हतं. बसून झालेल्या जमिनीवर मग कालवा खोदला. नुकसान व्हायचं ते बांधकामाआधी होऊ दिलं.

हा उपायही सगळीकडे चालत नाही. भिजवल्यावर माती फक्त स्वतःच्या वजनाखाली बसते. पाण्यापाठोपाठ वरून मोठी इमारत येणार असेल तर भिजलेली पण सैल माती त्या भारानं पुन्हा दबते. वरच्या एक-दोन मीटरमध्ये स्वतःचं वजन इतकं कमी असतं की तिथे नुसत्या पाण्यानं फारसं साधत नाही. तिथे माती काढून पाणी घालत, रोलर फिरवत थरांनी परत भरावी लागते. आणि शेजारी जुनं घर असेल तर तळं भरणं हा विचारच सोडून द्यावा, कारण पाणी बांधाला ओळखत नाही, ते आडवंही पसरतं.

आपल्या प्लिंथखालचा मुरूम

महाराष्ट्रात असे नैसर्गिक थर शोधत बसायची गरज पडत नाही. आपण ते स्वतः तयार करतो. उन्हाळ्यात ट्रकनं कोरडा मुरूम येतो, प्लिंथमध्ये मीटर-दीड मीटर एकदम ओतला जातो, वरून धुम्मस मारून कडक केला जातो. कोरड्या मुरमाचे गठ्ठे एकमेकांवर टेकून उभे राहतात, त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात, आणि आतली माती वाळलेल्या सांध्याचं काम करते. रचना तीच, फक्त तीन दिवसांत बनलेली.

माझ्या मामांच्या घराचं काम चालू असताना मी गवंड्याला भराव दाखवायला सांगितला. “साहेब, पहार जात नाही, एवढा टणक झालाय,” तो म्हणाला. पहार खरंच जात नव्हती. मामा म्हणाले, “मग फरशी बसवून टाकू की.” मी त्यांना चार दिवस मागितले. कोपऱ्यात पायाच्या भिंतीवर भरावाच्या पातळीशी खिळ्यानं रेघ मारली, भरावावर विटांचे छोटे आळे केले आणि ती पाण्यानं भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आळ्यांतलं पाणी नाहीसं झालं होतं. पुन्हा भरलं. चौथ्या दिवशी भराव रेघेच्या चार बोटं खाली होता, आणि मधल्या खोलीत, जिथे ट्रक रिकामा झाला होता, तिथे सहा बोटं.

मामांनी रेघेवर बोट ठेवलं, खालचं अंतर बघितलं आणि गवंड्याला म्हणाले, “वरचा हातभर काढ. परत भरताना वीतभर थर, मग पाणी, मग धुम्मस. प्रत्येक थराला मी इथे उभा राहीन.” फरशी पंधरा दिवस उशिरा बसली.